कोऱ्या ग्लासी कार्बनवर फेरिसायनाइड: दोन पीकमधल्या अंतराचा हिशेब (प्रकल्प नोंदी)

५ फेब्रुवारी

पुढच्या महिन्यात ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर कार्बनचं लेपन करून त्याची तुलना कोऱ्या इलेक्ट्रोडशी करायची आहे. त्यासाठी कोऱ्या इलेक्ट्रोडची वागणूक आधी नीट मोजून ठेवावी असं मॅडमचं म्हणणं आहे, आणि मला ते पूर्ण पटतं. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत, म्हणजे पोटेन्शियल ठरावीक वेगाने खाली आणि परत वर नेत करंट मोजताना, आलेखात जाताना एक आणि येताना एक असे दोन पीक दिसतात. लेपनाने हे पीक जवळ आले म्हणजे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण वेगवान झाली, असं बरेच जण लिहून टाकतात. पीक मुळात दूर का होते, हे मात्र तपासलेलं नसतं. या नोंदी त्या तपासासाठी.

आज सेल जुळवला. वर्किंग इलेक्ट्रोड ३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन, म्हणजे क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस सेंटिमीटर. रेफरन्स सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड, आत ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड. काउंटर प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं.

प्राजक्ता यंदाच एमएस्सीच्या प्रकल्पासाठी आली आहे. तिने विचारलं, "ताई, बॅटरीला दोन टोकं पुरतात, मग इथे तीन कशाला?" प्रश्न अगदी मुळातला आहे. दोनच इलेक्ट्रोड असतील तर आपण लावलेला व्होल्टेज दोघांत आणि मधल्या द्रावणात वाटला जातो, आणि वर्किंगच्या वाट्याला त्यातला किती आला ते कळायला मार्ग नसतो. शिवाय ज्या इलेक्ट्रोडला आपण मोजपट्टी मानतो त्यातूनच करंट गेला, तर त्याचं पोटेन्शियल ढळतं. म्हणून कामाची वाटणी करायची. करंट वर्किंग आणि काउंटर यांच्यात वाहतो, पोटेन्शियल मात्र वर्किंग आणि रेफरन्स यांच्यात मोजलं जातं. रेफरन्सच्या तारेतून पोटेन्शिओस्टॅट जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वर्किंगचं पोटेन्शियल आपण सांगितलेल्या आकड्यावर राहावं यासाठी काउंटरला किती ओढायचं, ते यंत्र क्षणाक्षणाला स्वतः ठरवतं. काउंटरवर त्या वेळी कोणती अभिक्रिया चालते याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं, फक्त त्याचं क्षेत्रफळ वर्किंगपेक्षा बरंच मोठं हवं, नाहीतर तोच करंटला आवर घालतो.

एक गोष्ट मात्र तीन इलेक्ट्रोड लावूनही सुटत नाही. रेफरन्सचं टोक आणि वर्किंगचा पृष्ठभाग यांच्यामध्ये थोडं द्रावण उरतं, त्यातून करंट वाहतो आणि तेवढं पोटेन्शियल वाटेत खर्च होतं. आम्ही याला उरलेला रोध म्हणतो. आज तो फक्त लिहून ठेवते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

६ फेब्रुवारी

सकाळचा वेळ पॉलिशिंगमध्ये गेला. अॅल्युमिनाची पावडर आधी १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५. ओल्या पॅडवर इलेक्ट्रोड सरळ उभा धरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, म्हणजे पृष्ठभाग एका बाजूने जास्त झिजत नाही. प्रत्येक पावडरनंतर डिस्टिल्ड वॉटरने धुणं आणि शेवटी थोडा वेळ सोनिकेटर. चांगल्या पॉलिशची खूण म्हणजे पृष्ठभाग काळ्या आरशासारखा दिसतो आणि पाण्याचा थेंब काढून घेतला की कडेला पांढरी रेघ राहत नाही. ती रेघ म्हणजे अडकलेलं अॅल्युमिना.

द्रावण: ५० मिलिलिटर पाण्यात ८२.३ मिलिग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि ०.३७३ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. म्हणजे ५ मिलिमोलर फेरिसायनाइड, ०.१ मोलर क्लोराइडमध्ये. फ्लास्कला फॉइल गुंडाळलं, कारण फेरिसायनाइड उजेडात हळूहळू बिघडतं. वापरलेलं द्रावण आम्लाच्या कचऱ्याच्या बाटलीत कधीही ओतायचं नाही, त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. या कचऱ्याची बाटली वेगळी ठेवली आहे आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे.

आधी फेरिसायनाइड न घालता नुसत्या पोटॅशियम क्लोराइडमध्ये स्कॅन घेतला. सेकंदाला १०० मिलिव्होल्टला सपाट, चपटी पेटी दिसली. जाताना आणि येताना करंट शून्यापासून साधारण ०.२ मायक्रोअँपिअर दूर. हा पृष्ठभागावरचा विद्युतभार भरण्या-उपसण्याचा करंट. पेटीत कुठेही उंचवटा नाही, म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ आहे.

मग नायट्रोजन दहा मिनिटं सोडला, बंद केला, द्रावण शांत होऊ दिलं आणि खरा स्कॅन. सुरुवात +०.६ व्होल्टपासून, खाली −०.१ पर्यंत आणि परत. द्रावणात सुरुवातीला फक्त फेरिसायनाइड असल्यामुळे जिथे काहीच घडत नाही अशा वरच्या टोकापासून निघायचं. उलट बाजूने निघालो असतो, तर पहिल्या क्षणालाच क्षपण सुरू झालं असतं आणि पहिल्या फेरीचा आकार बिघडला असता.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑक्सिडेशनचा करंट वर आणि क्षपणाचा खाली दिसतो. सगळीकडे हीच पद्धत नसते, म्हणून दुसऱ्याचा आलेख वाचताना आधी अक्ष बघायचे, असं प्राजक्ताला सांगितलं.

आजचे आकडे, १०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंदला: क्षपणाचा पीक +०.१८७ व्होल्टवर, ऑक्सिडेशनचा +०.२७४ वर.

९ फेब्रुवारी

आज आकडे बाजूला ठेवून आलेख वाचत बसलो. पीक मुळात येतोच का, हे कळल्याशिवाय त्याची जागा वाचण्यात अर्थ नाही.

+०.६ पासून खाली येताना बराच वेळ काही होत नाही. मग पृष्ठभागालगतचं फेरिसायनाइड फेरोसायनाइडमध्ये बदलू लागतं आणि करंट वाढतो. दोन्ही रूपांचं प्रमाण पृष्ठभागापाशी जवळपास समसमान होतं ते पोटेन्शियल म्हणजे अर्ध-तरंग पोटेन्शियल, आपल्याला हवा असलेला आकडा. पण करंट तिथे थांबत नाही, अजून वाढतो, कारण पृष्ठभागापाशी अजून फेरिसायनाइड शिल्लक असतं. थोडं पुढे गेल्यावर ते जवळपास संपतं. त्यानंतर जे येईल ते लांबून, डिफ्युजनने. रिकामा झालेला थर जाड होत जातो, येणाऱ्या रेणूंची वाट लांबते आणि करंट उतरतो. वाढ आणि उतार यांच्या मधला माथा म्हणजे पीक. देवाणघेवाण हवी तितकी वेगवान असेल तर २५ अंशाला हा माथा अर्ध-तरंग पोटेन्शियलच्या २८.५ मिलिव्होल्ट पुढे येतो. परतीच्या वाटेवर तेवढाच दुसऱ्या बाजूला. म्हणून एका इलेक्ट्रॉनच्या जोडीत दोन पीकमधलं आदर्श अंतर सुमारे ५७ ते ५९ मिलिव्होल्ट, आणि अर्ध-तरंग पोटेन्शियल दोघांच्या बरोब्बर मध्ये.

आमच्या आलेखात मध्य येतो ०.२३१ व्होल्ट. या रेफरन्सचं पोटेन्शियल प्रमाण हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.२१० धरलं तर ०.४४१. फेरिसायनाइडसाठी हा आकडा योग्य टापूत आहे.

परतीच्या पीकची उंची मोजताना शून्याच्या रेषेपासून मोजायची नसते. परतीला निघताना खाली जाणारा करंट अजून चालूच असतो, त्यामुळे ऑक्सिडेशनचा पीक एका उतरत्या शेपटीवर उभा असतो. क्षपणाचा पीक ८० मायक्रोअँपिअर आणि ऑक्सिडेशनचा शून्यापासून ५९ दिसतो. पहिल्या नजरेत वाटतं की पाव भाग फेरोसायनाइड हरवलं. निकोल्सन यांनी १९६६ मध्ये दिलेलं सोपं सूत्र लावलं. त्याला तीनच आकडे लागतात, दोन्ही पीक शून्यापासून आणि वळणबिंदूवरचा करंट, जो आमच्याकडे २९ मायक्रोअँपिअर आहे:

```
59/80 + 0.485 × (29/80) + 0.086 ≈ 1.00
```

म्हणजे काही हरवलेलं नाही. जेवढं क्षपित झालं तेवढं परतीला हाताशी होतं.

दुपारी स्कॅन रेट बदलून पाहिला: २५, १००, ४०० मिलिव्होल्ट प्रतिसेकंद. दरवेळी चौपट घेतला, म्हणजे वर्गमूळ सरळ दुप्पट होतं आणि कागद-पेन्सिलने ताळा करता येतो. क्षपणाचा पीक ४०, ८०, १६० मायक्रोअँपिअर आला. स्कॅन रेट चौपट, पीक दुप्पट. बर्मिंगहॅमला रँडल्स आणि प्रागला शेवचिक यांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे काढलेलं सूत्र हेच सांगतं:

```
ip = 2.69×10^5 · n^(3/2) · A · D^(1/2) · C · v^(1/2)
```

यात क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये आणि संहती मोल प्रति घन सेंटिमीटरमध्ये घालायची. आमच्या उतारावरून डिफ्युजन गुणांक ७.१ × १०⁻⁶ चौरस सेंटिमीटर प्रतिसेकंद निघतो. पुस्तकांत ७.६ च्या आसपास असतो. क्षेत्रफळातली थोडी चूकसुद्धा इथे वर्गाने वाढते, हे लक्षात घेता मला हे पुरेसं वाटतं.

वर्गमूळ का येतं, तेही दिसतं. भरभर स्कॅन केला तर रिकामा थर जाड व्हायला वेळच मिळत नाही. १० मिलिव्होल्ट प्रतिसेकंदला तो थर ४० मायक्रॉनच्या घरात असतो, १०० ला १४ च्या. वाट आखूड, म्हणून ओघ जास्त. रेणू पृष्ठभागाला चिकटलेले असते तर पीक वर्गमूळाने न वाढता थेट स्कॅन रेटच्या प्रमाणात वाढला असता. भार भरण्याचा करंटही थेट प्रमाणात वाढतो, म्हणून फार वेगवान स्कॅनला त्याचा वाटा डोईजड होतो. ४०० पर्यंत आम्हाला त्याची चिंता नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी आलेख दातेरी यायला लागला, आणि पीक मिनिटागणिक सरकू लागले. रेफरन्स उजेडात धरून पाहिला तर तळाच्या सच्छिद्र तुकड्यावर आतल्या बाजूने टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा बसलेला. नळी उभी धरून टिचकी मारली, बुडबुडा वर गेला, आलेख पूर्ववत. खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: पीकचा आकार आणि उंची साधारण तीच, पण दोन्ही पीक एकत्र एकाच दिशेला सरकले, तर संशय रेफरन्सवर घ्यायचा. वर्किंगचा पृष्ठभाग बिघडला तर पीक एकमेकांपासून दूर जातात.

दुपारी लॅब ३१ अंशावर गेली. सेल आता २५ अंशाच्या वॉटर बाथमध्ये ठेवतो, कारण डिफ्युजन गुणांक अंशागणिक साधारण दोन टक्क्यांनी वाढतो.

१२ फेब्रुवारी

आता खऱ्या प्रश्नाकडे. दोन पीकमधलं अंतर ५ मिलिमोलर द्रावणात असं आलं: २५ ला ७३ मिलिव्होल्ट, १०० ला ८७, ४०० ला ११४. आदर्श ५९ पेक्षा जास्त आहे आणि स्कॅन रेटबरोबर वाढतंय.

पुस्तकी उत्तर असं: इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण स्कॅनच्या वेगाला पुरी पडत नाहीये, म्हणून जोडी अर्धवट प्रतिवर्ती आहे. मग १९६५ च्या निकोल्सन यांच्या तक्त्यात अंतर शोधायचं, त्यासमोरचा ψ, म्हणजे देवाणघेवाण स्कॅनच्या मानाने किती वेगवान आहे ते सांगणारा आकडा, घ्यायचा आणि वेग-स्थिरांक काढायचा:

```
k0 = ψ · sqrt(π · D · F · v / RT)
```

तक्त्यातले कामाचे आकडे इतकेच: ६६ मिलिव्होल्टला ψ ४, ७२ ला २, ८४ ला १, १०५ ला ०.५. मधले अंदाजाने. तसं केलं तर आमचा वेग-स्थिरांक २५ ला ०.००८९ सेंटिमीटर प्रतिसेकंद, १०० ला ०.००८४, ४०० ला ०.००७६ येतो. तिन्ही जवळजवळ सारखे. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते, कारण तीन वेगवेगळ्या स्कॅन रेटवर एकच उत्तर आलं की ते बरोबर आहे असं वाटतं.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "उरलेला रोध यात किती आहे?" दिवसभर त्यावरच विचार चालू होता, आणि त्यातून जे उमगलं ते सविस्तर लिहून ठेवते.

द्रावणाच्या रोधामुळे वाटेत पोटेन्शियल खर्च होतं. खाली जाताना पीक जितका उशिरा दिसायला हवा त्याहून उशिरा दिसतो, वर येताना तसंच, म्हणून दोन पीक एकमेकांपासून लांबतात. हा खर्च करंट गुणिले रोध इतका. आणि करंट वाढतो स्कॅन रेटच्या वर्गमूळाने. दुसरीकडे, मंद देवाणघेवाणीमुळे येणारं अंतर ψ वर अवलंबून असतं, आणि ψ उतरतो तोही स्कॅन रेटच्या वर्गमूळाने. म्हणजे दोन्ही कारणं स्कॅन रेट वाढवल्यावर एकसारखीच वाढतात. नुसता स्कॅन रेट बदलून ती कधीच वेगळी होणार नाहीत. वेगवेगळ्या स्कॅन रेटवर एकच स्थिरांक येणं हा पुरावा धरता येत नाही, रोधसुद्धा तीच एकवाक्यता निर्माण करतो.

मग अशी कोणती गोष्ट बदलायची की एक कारण हलेल आणि दुसरं जागेवर राहील? संहती. मंद देवाणघेवाणीचं अंतर संहतीवर अवलंबून नसतं, कारण सूत्रात C नाहीच. रोधाचा खर्च मात्र करंटबरोबर, म्हणजे संहतीबरोबर, सरळ घटतो.

१३ फेब्रुवारी

आज १ मिलिमोलर. पोटॅशियम क्लोराइड तेच ०.१ मोलर, इलेक्ट्रोड तेच पॉलिश केलेले, सेलमधली जागा तीच. रेफरन्सची उंची टोपणावर मार्करने खूण करून ठेवली होती, तिथेच बसवला.

पीक अपेक्षेप्रमाणे एक पंचमांश झाले. अंतर २५ ला ६७ मिलिव्होल्ट, १०० ला ७५, ४०० ला ९०. सगळीकडे कमी झालं, आणि वेगवान स्कॅनला सर्वांत जास्त. द्रावण पातळ केल्याने इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण वेगवान होत नाही. म्हणजे जेवढं कमी झालं तेवढं तरी रोधाचंच.

आता रोध किती ते आलेखावरूनच निघतं. दोन्ही पीकमधलं उभं अंतर घ्यायचं, म्हणजे खालच्या माथ्यापासून वरच्या माथ्यापर्यंत, शून्यापासून मोजलेल्या दोन करंटची बेरीज. इथे शेपटी वजा करायची नाही, कारण पोटेन्शियल खर्च होतं ते तारेतून प्रत्यक्ष वाहणाऱ्या करंटमुळे. १०० ला ५ मिलिमोलरमध्ये हे उभं अंतर १३९ मायक्रोअँपिअर, १ मिलिमोलरमध्ये २८. फरक १११. त्याच वेळी आडवं अंतर ८७ वरून ७५, म्हणजे १२ मिलिव्होल्टने कमी. भागाकार केला की रोध येतो:

```
R = 12 mV / 111 µA ≈ 108 Ω
```

४०० ला: २४ मिलिव्होल्ट भागिले २२२ मायक्रोअँपिअर, पुन्हा १०८ ओहम. २५ ला फरक फक्त ६ मिलिव्होल्टचा आहे, आणि सॉफ्टवेअरची पायरी १ मिलिव्होल्टची असल्यामुळे तिथला भागाकार तितकासा भरवशाचा नाही. रोध काढायला वेगवान स्कॅन घ्यावा, हे त्यावरून ठरलं.

मग उलट हिशेब. ४०० ला ५ मिलिमोलरमध्ये उभं अंतर २७८ मायक्रोअँपिअर, गुणिले १०८ ओहम, म्हणजे ३० मिलिव्होल्ट रोधाचे. ११४ मधून ते वजा केले की ८४ उरतात. १ मिलिमोलरच्या ९० मधून ६ वजा केले तरी ८४. १०० ला दोन्हीकडून ७२. तक्त्यात ८४ समोर ψ १, ७२ समोर २. दोन्हीवरून वेग-स्थिरांक ०.०१९ सेंटिमीटर प्रतिसेकंद. कालच्या ०.००८ च्या दुपटीहून जास्त.

प्राजक्ताला हे पटायला वेळ लागला नाही, पण तिने चांगला मुद्दा काढला: "ताई, मग लेपन केल्यावर करंट वाढला तर?" सच्छिद्र लेपनाने क्षेत्रफळ वाढलं तर करंट वाढतो, रोधाचा खर्च वाढतो आणि पीक लांबतात. क्षेत्रफळ घटलं तर उलट, पीक जवळ येतात आणि लेपनाने देवाणघेवाण सुधारली असं वाटतं. तिचं हे वाक्य मी लेपनाच्या आराखड्याच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

१६ फेब्रुवारी

१०८ ओहम हा आकडा विश्वासार्ह आहे का, ते दुसऱ्या वाटेने तपासलं.

सपाट गोल इलेक्ट्रोडपासून दूरवरच्या द्रावणापर्यंतचा रोध सोप्या सूत्राने निघतो: एक भागिले चार गुणिले वाहकता गुणिले त्रिज्या. २५ अंशाला ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडची वाहकता ०.०१२९ सीमेन्स प्रति सेंटिमीटर. त्रिज्या ०.१५ सेंटिमीटर. उत्तर १२९ ओहम. रेफरन्स कितीही लांब नेला तरी याहून जास्त रोध येणार नाही. आमचा १०८ त्याच्या आत आहे आणि फार लांबही नाही.

मग रेफरन्स जवळ आणला तर? हे मोठ्या उत्साहाने करायला निघाले होते, पण आधी हिशेब केला. डिस्कच्या अगदी समोर, मध्यावर, त्रिज्येइतक्या अंतरावर, म्हणजे दीड मिलिमीटरवर, एकूण रोधाचा बरोब्बर निम्मा भाग पार झालेला असतो. करंट डिस्कजवळ सर्वांत दाट असतो आणि पुढे पसरत जातो, म्हणून बराचसा रोध पृष्ठभागाला लगटूनच असतो. १०८ ओहम म्हणजे रेफरन्स साधारण ६ मिलिमीटरवर असणार. पट्टीने पाहिलं, तसंच आहे. रोध निम्म्यावर आणायला रेफरन्सचं टोक दीड मिलिमीटरवर न्यावं लागेल, आणि इतकं जाड टोक तिथे ठेवलं तर ते स्वतःच डिस्कसमोरचा करंट अडवेल, पृष्ठभागाच्या एका भागाला रसद कमी मिळेल. बारीक तोंडाची लुगिन नळी असेल तरच या वाटेला जायचं. आमच्याकडे सध्या नाही, म्हणून रेफरन्स होता तिथेच ठेवला.

संध्याकाळी त्याच सेलवर इंपिडन्स मोजला. उच्च वारंवारतेला रेषा वास्तव अक्षाला १०५ ओहमवर छेदते. आलेखावरून काढलेला १०८, यंत्राने मोजलेला १०५. मला याहून जुळणारे आकडे नकोत.

१७ फेब्रुवारी

शेजारच्या टेबलवरून सूचना आली की एवढा खटाटोप कशाला, पोटॅशियम क्लोराइड १ मोलर करा, रोध आपोआप जाईल. रोध खरोखरच जातो. त्याच सूत्राने १ मोलरमध्ये रोधाची कमाल १५ ओहम. करून पाहिलं: ५ मिलिमोलर, १०० ला अंतर ६८ मिलिव्होल्ट. सुंदर आलेख.

पण हा आकडा ०.१ मोलरशी ताडून पाहता येत नाही. फेरिसायनाइड-फेरोसायनाइड ही जोडी पोटॅशियम आयनांना जोडीला घेऊन इलेक्ट्रॉन देते-घेते, त्यामुळे पोटॅशियम वाढवलं की देवाणघेवाणीचा वेगही वाढतो. त्याची खूण मध्यबिंदूत दिसते. तो सुमारे ३० मिलिव्होल्टने वर सरकला, कारण जास्त भाराचं फेरोसायनाइड पोटॅशियमला अधिक घट्ट धरतं आणि क्षपित रूप त्यामुळे स्थिर होतं. म्हणजे अंतर कमी झालं त्यात रोधाचा वाटा किती आणि वेगाचा किती, ते या प्रयोगातून सुटत नाही. संहती बदलण्याच्या प्रयोगाची किंमत इथे कळते: तिथे एका वेळी एकच गोष्ट हलत होती.

नेहमीच्या कामासाठी १ मोलर वापरायला माझी काहीच हरकत नाही. कोणत्या द्रावणात मोजलं ते मात्र आकड्याच्या शेजारी लिहिलंच पाहिजे.

फेरिसायनाइडची आणखी एक मर्यादा इथेच नोंदवते. कार्बनच्या पृष्ठभागाच्या अवस्थेवर ते फार अवलंबून असतं. पॉलिश करून इलेक्ट्रोड हवेत ठेवला, तर दुसऱ्या दिवशी अंतर वाढलेलं सापडतं. आज सकाळी तेच दिसलं, आणि पुन्हा ०.०५ मायक्रॉनवर पॉलिश केल्यावर अंतर जागेवर आलं. लेपनानंतर खात्रीसाठी हेक्झाअमाइन रुथेनियम ही दुसरी जोडी घ्यायची ठरली आहे. तिला पृष्ठभागावरच्या ऑक्साइडची फारशी पर्वा नसते, त्यामुळे तिथेही पीक लांबले तर संशय पृष्ठभागाच्या रसायनावर न जाता रोधावर जाईल.

२० फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुट्टी होती. आज शेवटची तपासणी: पोटेन्शिओस्टॅटलाच रोध भरून काढायला सांगायचं. यंत्र वाहणाऱ्या करंटच्या प्रमाणात थोडं पोटेन्शियल आपणहून वाढवून देतं. पूर्ण १०५ ओहम भरून द्यायचा मोह टाळायचा, कारण शंभर टक्क्यांच्या जवळ गेलं की यंत्र स्वतःच्याच दुरुस्तीला प्रतिसाद देत बसतं आणि करंट थरथरायला लागतो. साधारण ८५ टक्के ठीक, म्हणून ९० ओहम दिले.

प्रयोगाआधीच वहीत अपेक्षा लिहिली: ५ मिलिमोलर, ४०० ला, २७८ मायक्रोअँपिअर गुणिले ९० ओहम म्हणजे २५ मिलिव्होल्ट जायला हवेत, ११४ चे ८९ व्हायला हवेत. स्कॅन घेतला. प्राजक्ताने कर्सर दोन्ही माथ्यांवर ठेवून वाचलं: "एकोणनव्वद." आलेखात थरथर नाही, उतार गुळगुळीत.

कोऱ्या इलेक्ट्रोडसाठी नोंद अशी बंद केली: ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, २५ अंश, मध्यबिंदू ०.२३१ व्होल्ट, डिफ्युजन गुणांक ७.१ × १०⁻⁶ चौरस सेंटिमीटर प्रतिसेकंद, रोध वजा करून वेग-स्थिरांक ०.०१९ सेंटिमीटर प्रतिसेकंद, उरलेला रोध १०५ ते १०८ ओहम, रेफरन्स ६ मिलिमीटरवर. लेपन केलेल्या प्रत्येक इलेक्ट्रोडची मोजणी १ आणि ५ मिलिमोलर अशा दोन्ही संहतींना होईल, आणि प्रत्येक वेळी आधी इंपिडन्सवरून रोध. सोमवारी पहिल्या लेपनाची शाई तयार करायची आहे, प्राजक्ता वजनं करून ठेवणार आहे.